साठा किती वेळा फिरतो

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटांसाठी दिवे मालवले. टाळेबंदी होती, पंतप्रधानांचे आवाहन होते, आणि लोकांनी ते मनावर घेतले. गच्चीवर पणत्या लावणाऱ्यांना त्यात एकजुटीचा सोहळा दिसला. वीज भारनियंत्रण केंद्रांत बसलेल्यांच्या मात्र पोटात गोळा आला होता. देशाची वीजमागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. महाराष्ट्राची उन्हाळ्यातली सगळी मागणी साधारण एवढीच असते. एक आख्खे राज्य जाळ्यातून निघून जावे आणि पाव तासात परत यावे, असा तो प्रकार होता.

जाळे कोसळले नाही, कारण तयारी आधीपासून होती. कोळशाचे संच अगोदरच खाली आणले होते आणि जलविद्युत संच मुद्दाम भरपूर चालवून ठेवले होते. मागणी घसरू लागली तशी नियंत्रकांनी जलविद्युत साडेसतरा हजार मेगावॉटने उतरवली आणि दिवे लागताच ती पुन्हा चढवली. त्या वेळात जाळ्याची वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ अशी हेलकावली. एरवी ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते, म्हणजे हेलकावा मोठाच होता. पण निभावले.

अभियांत्रिकीशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांना सौर आणि पवन ऊर्जेतली अडचण सांगताना मी ही रात्र आधी सांगतो. तारांच्या जाळ्यात वीज साठून राहत नाही, ही गोष्ट एरवी ऐकून सोडून दिली जाते. त्या रात्रीमुळे ती पटते. ज्या क्षणी जितकी वापरली जाते, तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली की फिरणारी सगळी जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारिता पन्नासच्या खाली येते. जास्त झाली की वर जाते. त्या रात्री हलली होती मागणी. ऊन आणि वारा रोज दुसरी बाजू, म्हणजे पुरवठा, हलवतात.

ही हालचाल एकाच जातीची नसते आणि वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ढगाची सावली एका सौर प्रकल्पावरून सरकते तेव्हा त्याची निर्मिती मिनिटा-दोन मिनिटांत निम्म्याहून खाली येऊ शकते. पण राज्यभर विखुरलेल्या शेकडो प्रकल्पांवर एकाच मिनिटाला ढग येत नाही. एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत बरीचशी जिरते. भारनियंत्रण केंद्र दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे वेळापत्रक आखते आणि त्यापासून ढळणाऱ्याला दंड लागतो. मिनिटांची चंचलता अशा अंदाजाने, दंडाने आणि थोड्या राखीव क्षमतेने बऱ्यापैकी आवरता येते. मला तरी ती खरी डोकेदुखी वाटत नाही.

खरी डोकेदुखी संध्याकाळची. सूर्यास्त ढगासारखा विखुरलेला नसतो. पाच ते सातच्या दरम्यान राज्यातले सगळे सौर प्रकल्प एकदमच मावळतात, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ३० मे २०२४ रोजी देशाने २५० गिगावॉट मागणीचा उच्चांक गाठला, तो भर दुपारी. सूर्य डोक्यावर असल्याने तो तुलनेने सुखाने पार पडला. वीज खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांची झोप आता संध्याकाळच्या त्याहून थोड्या कमी मागणीने उडते.

मग दुपारी कोळशाचे संच सरळ बंद करून संध्याकाळी का चालू करू नयेत? प्रश्न रास्त आहे. पण कोळशाचा बॉयलर चुलीसारखा विझवता-पेटवता येत नाही. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला कित्येक तास लागतात, आणि प्रत्येक वेळी जाड पोलादी भाग तापून-निवून थकतात. म्हणून तो दुपारी बंद न करता मंद ठेवतात. नियमाप्रमाणे तो ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता यायला हवा. पुढे हा आकडा ४० वर आणायचा आहे. संध्याकाळी ज्या संचांची गरज आहे ते सगळे दुपारीही निम्म्याहून अधिक भाराने चालूच राहतात आणि उन्हाच्या विजेची जागा अडवतात. जागा पुरेनाशी झाली की सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करा असा आदेश जातो. राजस्थानात २०२५ मध्ये असे वारंवार झाले. तिथे पारेषण वाहिन्या अपुऱ्या असणे हेही मोठे कारण होते. दुपारी फुकट जाणारी वीज आणि संध्याकाळी महाग मिळणारी वीज, यांच्यामधल्या पाच-सहा तासांसाठी साठवण हवी.

ती प्रत्यक्ष कशी दिसते हे पाहायचे तर भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरला जावे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्री कोकणात सरळ तुटतो. पर्यटक कोकणकड्यावर उभे राहून फोटो काढतात आणि पाठीमागच्या बुटक्या धरणाकडे कुणी वळूनही बघत नाही. ते धरण जेमतेम पंधरा मीटर उंच आहे. कड्याच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ, दुसरे धरण आहे. ते चांगले ८६ मीटरचे. दोन्ही जलाशयांच्या पातळीत चारशे मीटरहून थोडा अधिक फरक आहे. डोंगराच्या पोटातून खोदलेला दाबबोगदा दोघांना जोडतो आणि तळाशी भूमिगत वीजगृहात १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. हा घाटघर उदंचन प्रकल्प २००८ पासून चालू आहे. पाणी खाली सोडले की वीज मिळते. वीज दिली की तेच संच उलटे फिरून पाणी पुन्हा वर चढवतात.

त्याचा हिशेब कागद-पेन्सिलने होतो, आणि वर्गात तो मी प्रत्येकाला करायला लावतो. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, गच्चीवरच्या काळ्या टाकीएवढे. वजन एक टन. ते चारशे मीटर खाली आले की त्यातून साधारण १.१ युनिट ऊर्जा मिळायला हवी. घर्षण आणि यंत्रातली तूट वजा जाता हाती एक युनिट उरते. एक टाकी पाणी, अख्खा कडा उतरून, एक युनिट! हे ऐकल्यावर वर्गात नेहमी शांतता पसरते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घरासाठी शंभर टाक्या कड्यावरून सोडायच्या.

आता दोन्ही संच पूर्ण क्षमतेने सहा तास चालवले असे धरू. २५० मेगावॉट गुणिले सहा तास म्हणजे १५०० मेगावॉट-तास, म्हणजे १५ लाख युनिट. त्यासाठी पाणी लागेल १५ लाख घनमीटर. बोगद्यातला प्रवाह सेकंदाला ७० घनमीटरच्या आसपास असेल. धरणाच्या बातम्यांच्या भाषेत अडीच हजार क्युसेक. एकूण पाणी मात्र एका टीएमसीच्या विसाव्या हिश्श्याइतकेच, आणि तेही खर्च होत नाही, वर-खाली करत राहते. बाष्पीभवनाची आणि गळतीची तूट भरली की झाले. उदंचन प्रकल्पाला पाणी थोडे लागते, उंची खूप लागते, आणि सह्याद्रीची पश्चिम कडा तेवढी उंची फुकट देते.

याच हिशेबात वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतली एक चूकही पकडता येते. अमुक कंपनी ५०० मेगावॉटची बॅटरी उभारणार, असे छापून येते आणि तास सांगितलेलेच नसतात. मेगावॉट म्हणजे एका क्षणाला किती देता येईल. मेगावॉट-तास म्हणजे एकूण किती पोटात आहे. ५०० मेगावॉटची दोन तासांची बॅटरी घाटघरच्या दुप्पट जोराने वीज देते, पण तिच्या पोटात घाटघरच्या दोन तृतीयांश ऊर्जाच असते. दुसरा आकडा नसेल तर बातमी अर्धीच आहे असे समजावे.

वर चढवलेले सगळे परत मिळत नाही. उदंचनात साधारण ७५ टक्के परतावा धरतात, म्हणून संध्याकाळचे १५ लाख युनिट मिळवायला आधी २० लाख युनिट पंपिंगला द्यावे लागतात. शिवाय पाणी वर ढकलताना पंपाच्या तोंडाशी दाब कमी पडला तर पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पात्यांवर फुटून धातू कुरतडतात. यंत्रातून खडी चालल्यासारखा आवाज येऊ लागला की जाणकार ओळखतो. हे टाळण्यासाठी संच खालच्या जलाशयाच्या पातळीच्याही बरेच खाली बसवावे लागतात. वीजगृह डोंगरात गाडलेले असण्याचे हे मुख्य कारण. खोदकाम, भूगर्भ आणि वर्षानुवर्षांचे बांधकाम, हा उदंचनाचा खरा खर्च. एकदा झाले की धरणाचे आयुष्य मोजायचे ते दशकांत.

“मग बॅटऱ्याच लावून टाका ना,” असे कुणीतरी हमखास म्हणते. काही वर्षांपूर्वी मी या वाक्यावर हसलो असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सौर ऊर्जा महामंडळाच्या ५०० मेगावॉट, दोन तासांच्या निविदेत दर निघाला महिन्याला प्रति मेगावॉट १०.८३ लाख रुपये. २०२४ च्या अखेरीस राजस्थानच्या तशाच आकाराच्या निविदेत, सरकारी अनुदानासह, तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. हे भाडे आहे. बॅटरी वापरा नाहीतर पडून ठेवा, ते द्यावेच लागते. एक मेगावॉटची दोन तासांची बॅटरी रोज एकदा भरली आणि रिकामी केली तर महिन्याला ६० हजार युनिट देते. जुन्या दराने साठवणुकीचाच खर्च पडतो युनिटमागे १८ रुपये. नव्या दराने पावणेचार रुपये. त्यात दुपारची सौर वीज अडीच रुपयांनी घेतली आणि बॅटरीतली पंधरा टक्के तूट धरली, तर आणखी तीन रुपये जातील. संध्याकाळी एक युनिट पावणेसात रुपयांना. आकडे ढोबळ आहेत, पण एवढ्यात नवा कोळसा प्रकल्प संध्याकाळपुरता चालवणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

बॅटरीला डोंगर लागत नाही. उपकेंद्राशेजारच्या आवारात कंटेनर आणून ठेवले की वर्ष-दीड वर्षात काम सुरू होते. वारंवारिता ढळली तर ती सेकंदाच्या आत उत्तर देते. पण ती दरवर्षी थोडी झिजते, दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते आणि आतले सेल आजही मुख्यतः चीनमधून येतात. घाटघरचा डोंगर आयात करावा लागत नाही.

आता जरा वरचा भागाकार उलटा करून पाहू. युनिटमागे पावणेचार रुपये आले ते बॅटरी रोज फिरते म्हणून. हीच बॅटरी वर्षातून फक्त दहा वेळा वापरली तर वर्षाचे भाडे तेच, साडेसव्वीस लाखांच्या घरात. पण युनिट मिळतील अवघे २० हजार. एका युनिटला १३० रुपयांहून जास्त! किराणा दुकानदाराला हे शिकवावे लागत नाही. रोज संपणाऱ्या मालावर तो रुपया-दोन रुपये नफा घेतो. वर्षातून एकदा विकल्या जाणाऱ्या मालाला त्याच फळीचे वर्षभराचे भाडे चिकटलेले असते. साठवणुकीची किंमत ती किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेळा फिरते यावर ठरते, आणि या विषयातले बहुतेक वाद हा एक भागाकार न केल्याने होतात.

तो केला की जुलै महिना डोळ्यांसमोर येतो. राज्याची रोजची वीज ६० कोटी युनिट धरू. संध्याकाळचे चार तास ५००० मेगावॉट साठ्यातून द्यायचे ठरवले तर दोन कोटी युनिट लागतील, म्हणजे तेरा-चौदा घाटघर. अवघड आहे, पण आवाक्यात. भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचे सामंजस्य करार टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी केलेच आहेत. आता धरा की आषाढात आठवडाभर आभाळ फाटले आणि सौर विजेअभावी रोजच्या विजेतला दहावा हिस्सा कमी पडला. सात दिवसांचे होतात ४२ कोटी युनिट, म्हणजे २८० घाटघर. तेही आधी भरून ठेवलेले, आणि असा आठवडा उजाडेपर्यंत जवळपास हात न लावता राखलेले. ही साठवण वर्षातून दोन-चार फेरे करील. तिचा युनिट कुणाला परवडणार? विजेपासून हायड्रोजन करून तो साठवावा असा एक मार्ग सांगितला जातो. त्यात पुन्हा वीज करेपर्यंत मूळ विजेचा साधारण तिसरा हिस्साच हाती उरतो.

ऋतूचे दुखणे बॅटरीने बरे होत नाही. पण महाराष्ट्राच्या बाबतीत निसर्गाने थोडी मेहेरबानी केली आहे. साताऱ्याहून चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर जूनमध्ये गेलात तर गाडीचे दार हातातून सुटते. सौर वीज जेव्हा मरगळते, तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी वारा पवनचक्क्यांना धाप लागेपर्यंत पळवतो. देशातल्या पवनविजेचा निम्म्याहून बराच जास्त भाग याच चार महिन्यांत येतो. उलट वाऱ्याची लहरही जबर. त्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते, म्हणून वारा सेकंदाला बारा मीटरवरून सहावर आला की शक्ती निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. आणि वेग २५ मीटरच्या आसपास पोचला की चक्की स्वतःला वाचवायला पाती वळवून थांबते. ऐन वादळात पठारावरच्या चक्क्या उभ्या दिसतात, त्या बिघडलेल्या नसतात. तरीही वर्षाचा आलेख मांडला तर ऊन आणि वारा एकमेकांचे खड्डे बरेच भरतात. निव्वळ स्वस्त म्हणून फक्त सौर प्रकल्प लावत सुटलेल्या धोरणावर माझा आक्षेप आहे तो इथे. युनिटमागे पन्नास पैसे महाग पडलेली जुलैमधली पवनवीज, वर्षभर राखून ठेवलेल्या बॅटरीपेक्षा फार स्वस्त असते.

दुसरी मेहेरबानी कोयनेची. तिथे पाणी वर चढवत नाहीत, पण दुपारी दार बंद ठेवून संध्याकाळी उघडले तरी साठवणुकीचेच काम होते. १९६० मेगावॉटच्या या प्रकल्पातला चौथा टप्पा, १००० मेगावॉटचा, संध्याकाळच्या कमाल मागणीसाठीच बांधलेला आहे. मर्यादा आहे ती लवादाच्या पाणीवाटपाची: पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीच सोडता येतात. शिवाय सोडलेले पाणी कोकणात उतरते, कृष्णा खोऱ्याला ते परत मिळत नाही. उन्हाळ्यात सांगली-सोलापूरकडून पाण्याची हाक आली की वीजवाल्यांना मागे सरावे लागते, आणि ते योग्यच आहे. सगळे करूनही पावसाळ्यातल्या वाईट आठवड्यांसाठी काही कोळसा संच जपून ठेवावे लागतील. वर्षाकाठी थोडेच तास चालण्यासाठी त्यांचा स्थिर खर्च भरत राहायचा. २८० घाटघरांपुढे तो किरकोळ आहे.

संध्याकाळच्या कोड्याचा एक भाग मात्र साठवणुकीला हात न लावताही सुटतो, आणि तो शेतात आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे थ्री फेज वीज आळीपाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे विजेरी घेऊन बांधावर जाणे. सापाची आणि आता बिबट्याचीही धास्ती. ही पाळी शेतकऱ्याच्या सोयीची कधीच नव्हती. रात्री मागणी पडते आणि कोळशाचे संच तर चालूच ठेवायचे असतात, म्हणून ती वीज पंपांच्या गळ्यात मारली जायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे आहेत, २.० या दुसऱ्या टप्प्याचे लक्ष्य १६ हजार मेगावॉटचे आहे. उसाला पाणी अकरा वाजता दिले काय नि रात्री दोनला दिले काय, जमिनीत ओल राहते. दुपारची वीज पाण्याच्या रूपाने शेतात साठते आणि तिच्यासाठी ना कंटेनर लागतो ना धरण. ऋतूही जुळतो: पंप जोरात चालतात ते रब्बीत आणि उन्हाळ्यात, आभाळ निरभ्र असताना, पावसात सौर वीज कमी पडते तेव्हा पंपही बंद असतात.

अडचण एवढीच की दुपारच्या विजेवर आता सगळ्यांचाच डोळा आहे. घाटघर बांधले तेव्हा पाणी रात्री चढवायचे, कोळशाच्या उरलेल्या विजेवर, असाच हिशेब होता. तो आता दुपारकडे सरकला आहे. शेतीपंप दुपारी आले. नव्या बॅटऱ्या दुपारी भरायच्या आहेत. वीज नियामक आयोगाने २०२५ मध्ये दिवसाच्या वेळेनुसार लागणाऱ्या दरातली सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेकडे वळवली, त्यामुळे रात्रीच्या सवलतीवर पाळ्या बसवलेल्या कारखान्यांनाही घड्याळ फिरवावे लागते आहे. या सगळ्यांना पुरेल इतकी दुपारची वीज फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल. सप्टेंबरच्या ढगाळ, वारा पडलेल्या दुपारी नसेल. त्या दुपारी आधी कुणाचा पंप थांबवायचा, शेतातला की घाटघरचा, याचा क्रम भारनियंत्रण केंद्राला कुणीतरी लिहून द्यावा लागेल.